हाताला लागतं का?

सकाळी ५:४५

उतईच्या रस्त्यावर या वेळेला गाडी हळूच चालवावी लागते. डांबराच्या कडेनं पोरं धावत असतात. कुणाच्या पायात बूट, कुणी अनवाणी. भरतीत ५ किलोमीटर २४ मिनिटांत संपवायचे असतात, म्हणून एकाच्या हातात घड्याळ आणि बाकीचे त्याच्या ओरडण्याकडे कान लावून. केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचं प्रशिक्षण केंद्र इथं जवळच आहे. त्यामुळे या पोरांना वर्दी लहानपणापासून डोळ्यांसमोर दिसते. यातला एखादा संध्याकाळी माझ्यासमोर बसणार, हे मला अनुभवानं माहीत आहे. धावण्यात पास झालेला आणि वैद्यकीय तपासणीत 'व्हेरिकोसील, अनफिट' असा शेरा घेऊन आलेला.

मी यूरोलॉजिस्ट. वडील नागपूरहून भिलाईच्या पोलाद कारखान्यात नोकरीला आले, तेव्हापासून आम्ही इथलेच. शस्त्रक्रिया भिलाईत करतो, पण गुरुवारची ओपीडी उतईत. दुर्ग जिल्ह्यातलं हे नगर पंचायतीचं गाव मोठं नाही, पण पाटण, गुंडरदेहीकडची माणसं भिलाईच्या मोठ्या रुग्णालयांना बिचकतात आणि इथं येतात. मूल होत नाही म्हणून येणारे पुरुष तर हमखास इथंच येतात, कारण भिलाईत कुणीतरी ओळखीचं भेटेल अशी त्यांना धास्ती असते.

सकाळी ६:३०

दवाखान्याला लागून एक छोटी लॅब आहे. गुरुवारी ती इतक्या लवकर उघडते ती माझ्या आग्रहामुळे. वीर्याचा नमुना निघाल्यापासून तासाभरात सूक्ष्मदर्शकाखाली जायला हवा. लोक घरून डबी घेऊन मोटरसायकलवर निघतात. एप्रिलच्या उन्हात डिकीतली डबी तापते, डिसेंबरात गारठते. दोन्ही वेळा शुक्राणू मरगळतात आणि कागदावर 'हालचाल १० टक्के' असं येतं. त्या कागदाच्या जोरावर कुणीतरी ऑपरेशन सुचवतं. म्हणून मी नमुना इथंच, लॅबच्या मागच्या खोलीत द्यायला लावतो. खोलीला आतून कडी आहे, पाण्याचा नळ आहे, आणि दारावर कुणी थाप मारत नाही. एवढं केलं तरी बरेच रिपोर्ट सुधारतात.

आज पहिला नमुना देणारा माणूस तेहतीस वर्षांचा. त्याच्या हातातल्या चिठ्ठीवर 'व्हेरिकोसील' लिहून खाली दोन रेघा ओढल्या होत्या. मार्चच्या सुरुवातीला केलेल्या तपासणीत शुक्राणू फार कमी आले होते. मी विचारलं, त्याआधी ताप वगैरे आला होता का? आला होता. फेब्रुवारीत मलेरिया, आठ दिवस अंथरुणाला खिळून.

नवा शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात आणि बाहेर पडेपर्यंत आणखी थोडे दिवस जातात. आज हातात आलेला नमुना म्हणजे तीन महिन्यांपूर्वी पेरलेलं पीक. मध्ये जबर ताप येऊन गेला असेल तर ते पीक करपलेलंच निघणार. त्याला म्हटलं, आजचा रिपोर्टही कदाचित वाईटच येईल, घाबरू नका. जूनमध्ये पुन्हा या, दोन ते सात दिवसांचं अंतर राखून नमुना द्या, मग बोलू. वाईट रिपोर्ट एकदाच आला असेल तर त्यावर मी सुरी उचलत नाही. काही आठवड्यांच्या अंतरानं दोनदा बघतो.

सकाळी ९:१५

ओपीडी सुरू झाली. खुर्च्यांवर बायकाच जास्त दिसतात, आणि त्या सगळ्या स्वतःच्या फायली मांडीवर घेऊन बसलेल्या. आज एक जोडपं आलं, सोबत सासूबाई. लग्नाला पाच वर्षं झालेली. सुनेची फाईल वीतभर जाड: नळ्यांचा एक्स-रे, हार्मोन, दोनदा दुर्बिणीची तपासणी. शिवाय गावच्या बैगाकडून आणलेला गंडा दंडावर. मुलाची फाईल नव्हतीच. पाच वर्षांत त्याची एकदाही तपासणी झालेली नव्हती. सासूबाई मला समजावत होत्या, ''माझा टुरा तर धडधाकट आहे, साहेब.''

मी त्यांना बाहेर बसायला सांगितलं आणि मुलाला पडद्यामागे घेतलं.

ही तपासणी कशी करायची यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. माणूस उभा हवा, झोपलेला चालत नाही. खोली उबदार हवी. एसी लावलेल्या गार खोलीत अंडकोशाची कातडी आक्रसते आणि आतलं काही हाताला नीट लागत नाही, म्हणून मी पंखाही बंद करतो. दोन-तीन मिनिटं माणसाला तसंच उभं राहू देतो, तेवढ्यात कातडी सैल पडते. मग अंगठा आणि दोन बोटांमध्ये वृषणाच्या वरची दोरी धरायची. शुक्राणूंची नळी सुतळीसारखी कडक लागते. तिच्या मागं आणि भोवती शिरा असतात. निरोगी माणसात त्या जाणवतही नाहीत. व्हेरिकोसील असेल तर मऊ, वळवळणारा पुंजका लागतो, पिशवीत गांडुळं भरल्यासारखा. मग सांगायचं, तोंड मिटून शौचाला कुंथल्यासारखा जोर लावा. जोर लावला की शिरांमध्ये रक्त उलटं भरतं आणि बोटांखाली फुगवटा येतो.

जोर लावल्यावरच हाताला लागलं तर पहिली पायरी. नुसतं उभं राहिल्यावर लागलं तर दुसरी. हात न लावता नुसत्या नजरेला कातडीखाली वेटोळी दिसली तर तिसरी. डुबिन आणि अमेलार या दोघांनी १९७० मध्ये या पायऱ्या ठरवल्या, आणि आजही त्याच वापरतो. या मुलाला डावीकडे तिसरी होती. डावं वृषण उजव्यापेक्षा लहान आणि थोडं मऊ लागलं.

डावीकडेच का, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. उजव्या वृषणाची शीर पोटातल्या मोठ्या शिरेला तिरकी जाऊन मिळते. डावी मात्र सरळ उभी चढत मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात मिळते. उंची जास्त, दाब जास्त, आणि आतली झडप कच्ची असली की रक्त खाली घसरतं. वृषणाला शरीरापेक्षा दोन-तीन अंश थंडावा लागतो, म्हणून तर निसर्गानं ते बाहेर टांगलंय. तिथं पोटाच्या उबेचं रक्त तुंबून राहिलं की तो थंडावा जातो. भट्टीजवळ काम करणारे कारखान्यातले कंत्राटी कामगार विचारतात, ''ही नस भट्टीच्या उष्णतेनं फुगली का साहेब?'' तसं नाही. उष्णता शुक्राणूंना मारक आहे हे खरं, पण शीर फुगते ती आतल्या घडणीमुळे.

मग मुलाला पलंगावर झोपवलं. शिरा रिकाम्या होऊन पुंजका नाहीसा झाला. हे मी प्रत्येकाचं बघतो. झोपल्यावरही शिरा तशाच भरलेल्या राहिल्या, किंवा फक्त उजवीकडे आणि अलीकडेच अचानक फुगल्या असतील, तर वर पोटात कशानं तरी वाट अडवलेली असू शकते. तेव्हा मूत्रपिंडाची गाठ नाही ना, याची खात्री आधी करावी लागते.

सासूबाईंना आत बोलावलं. मुलाच्या देखत, सुनेच्या देखत, सांगितलं की सुनेच्या तपासण्या आता पुरे. आता मुलाच्या होतील.

सकाळी ११:००

दुसरा माणूस आला तो सोनोग्राफीचा कागद पुढे करूनच. 'डाव्या बाजूला शिरांचा व्यास २.८ मिलिमीटर, किंचित उलटा प्रवाह.' कुणीतरी पुढच्या आठवड्याची तारीखही देऊन टाकली होती आणि पैशांची जमवाजमव सुरू होती. मी त्याला उभं केलं, पंखा बंद केला, तीनदा जोर लावायला सांगितलं. हाताला काहीच लागलं नाही. वृषणं दोन्हीकडे सारखी आणि भरलेली.

अशा व्हेरिकोसीलवर ऑपरेशन करू नये. हे माझं एकट्याचं मत नाही. अमेरिकेतल्या यूरोलॉजी आणि वंध्यत्व या दोन्ही संघटनांनी मिळून २०२० मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट सांगतात: केवळ यंत्रात दिसणारं, हाताला न लागणारं व्हेरिकोसील मूल होण्यासाठी बांधायची शिफारस करू नये. डॉपलर इतकं नाजूक झालंय की शंभर निरोगी पुरुष उभे केले तर बऱ्याच जणांत ते काही ना काही दाखवेल. हाताला लागणारं व्हेरिकोसीलसुद्धा शंभरातल्या पंधरा पुरुषांत असतं, आणि त्यातल्या बहुतेकांना सहज मुलं होतात. मूल न होणाऱ्या पुरुषांत ते पस्तीस-चाळीस टक्क्यांत सापडतं. याचा अर्थ ते कारण असू शकतं. प्रत्येक वेळी असतंच असं नाही.

त्याचा वीर्याचा रिपोर्ट काढला. मिलिलिटरला १ कोटी ४० लाख, हालचाल ४० टक्के. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तकात खालची सीमा १ कोटी ६० लाख आणि ४२ टक्के अशी आहे. तो आकडा तो बोटानं दाखवत होता, परीक्षेत दोन मार्कांनी नापास झालेल्या मुलासारखा. ही सीमा कशी ठरली ते मी त्याला सांगितलं. ज्यांच्या बायकांना वर्षभरात दिवस गेले अशा पुरुषांचे नमुने तपासले, आणि त्यातल्या सगळ्यात खालच्या पाच टक्क्यांवर रेघ ओढली. म्हणजे रेघेखालचे ते पाच टक्केसुद्धा बाप झालेलेच होते. रेघ म्हणजे भिंत नव्हे. त्याच्या लग्नाला सव्वा वर्ष झालंय. त्यातले सात महिने तो गुजरातेत कामाला होता. गुडाखू दिवसातून चारदा दातांना घासतो. त्याला गुडाखू सोडायला सांगितलं, बायकोबरोबर राहायला सांगितलं आणि तीन महिन्यांनी पुन्हा नमुना द्यायला सांगितलं. तो जरा खट्टू होऊनच गेला. ऑपरेशन झालं असतं तर काहीतरी केल्याचं समाधान त्याला मिळालं असतं, हे मला कळतं. पण त्या समाधानासाठी कातडी कापायची नाही.

दुपारी १:१५

डबा उघडला आणि फोन वाजला. भिलाईतल्या स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडम. त्यांच्याकडे एक जोडपं आहे: बाई अडतीस वर्षांच्या, नवरा एक्केचाळीसचा. त्याला डावीकडे दुसऱ्या पायरीचं व्हेरिकोसील, शुक्राणू कमी. ''सर, आधी ऑपरेशन करून घ्यायचं का?'' त्यांच्या आवाजात शंका होती, आणि ती रास्त होती.

मी उलट विचारलं, बाईंचा अंडसाठा कसा आहे? कमी. मग नाही. ऑपरेशननंतर शुक्राणू सुधारायला तीन ते सहा महिने लागतात आणि नैसर्गिकपणे दिवस जाण्याची वाट वर्षभर तरी बघावी लागते. अडतीसाव्या वर्षी ते वर्ष परत मिळत नाही. नवऱ्याच्या शिरा दुरुस्त होतील आणि तेवढ्यात बायकोची वेळ निघून जाईल. त्यांना सरळ आयव्हीएफकडे पाठवा, इक्सीनं एकेक शुक्राणू थेट अंड्यात सोडता येतो.

मॅडमनी मग जुना वाद काढला. आम्ही शिकत होतो तेव्हा निम्मे प्राध्यापक म्हणायचे की व्हेरिकोसीलच्या ऑपरेशनचा काही उपयोग नाही. २००३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये इव्हर्स आणि कॉलिन्स यांनी आधीचे सगळे अभ्यास एकत्र करून तसाच निष्कर्ष काढला होता. तो लेख मी दोनदा वाचलाय. त्यात हाताला न लागणाऱ्या व्हेरिकोसीलचे पुरुष होते, सकाळी अकरा वाजता मी ज्याला परत पाठवलं तसे, आणि ज्यांचं वीर्य मुळातच ठीक होतं असेही होते. त्यांना ऑपरेशननं फायदा होणार तरी कसा?

योग्य माणसं निवडून केलेला अभ्यास २०११ मध्ये सौदी अरेबियातून आला, अब्देल-मगीद आणि सहकाऱ्यांचा. हाताला लागणारं व्हेरिकोसील आणि बिघडलेलं वीर्य, दोन्ही असलेलेच पुरुष घेतले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एका गटाचं सूक्ष्मदर्शकाखाली ऑपरेशन केलं, दुसऱ्याचं केलं नाही. वर्षभरात ऑपरेशन झालेल्या शंभरातल्या तेहतीस जणांच्या घरी दिवस गेले, न झालेल्यांत चौदा जणांच्या. दुपटीहून जास्त. हा फरक खरा आहे आणि मी त्याच्या जोरावर ऑपरेशन सुचवतो. पण त्याच आकड्यात दुसरी गोष्टही आहे, ती मी प्रत्येक जोडप्याला सांगतो: ऑपरेशन होऊनही शंभरातल्या सदुसष्ट जणांना त्या वर्षात यश आलं नाही.

मॅडम म्हणाल्या, ''हे सदुसष्ट तुम्ही सांगता, म्हणून तर मी तुमच्याकडे पाठवते.'' भाजी गार झाली होती, पण बरं वाटलं.

दुपारी ३:००

भिलाई. ऑपरेशन थिएटर. आजचा रुग्ण एकोणतीस वर्षांचा ट्रकचालक. डावीकडे तिसरी पायरी, दोनदा केलेल्या तपासणीत शुक्राणू मिलिलिटरला ६० लाख आणि ७० लाख. बायको पंचविशीतली, पाळी नियमित, नळ्या मोकळ्या. लग्नाला तीन वर्षं. एफएसएच ठीक. असा माणूस समोर आला की मला मनातून बरं वाटतं, कारण सगळे धागे एका दिशेला जातात.

जांघेच्या खाली, अंडकोशाच्या जरा वर, तीन सेंटिमीटरचा छेद. बोटानं दोरी अलगद उचलून बाहेर घेतली आणि तिच्याखालून रबराची पट्टी सरकवली. मग सूक्ष्मदर्शक वर ओढला. इथून पुढं खोलीत कुणी बोलत नाही.

दोरीचं आवरण उघडल्यावर आत सगळं एकाच रंगाचं दिसतं. जाड, निळसर शिरा एकमेकींना बिलगलेल्या आणि त्यांच्या गर्दीत कुठंतरी धमनी, जेमतेम एक मिलिमीटरची. ती चुकून बांधली गेली तर वृषण सुकू शकतं. शिवाय हात लावला की ती आक्रसते आणि तिची नाडीही दिसत नाही. म्हणून पॅपावेरीनचे दोन थेंब टाकले आणि थांबलो. अर्ध्या मिनिटात एका कोपऱ्यात हलकी धडधड दिसली. डॉपलरची पेन्सिलीएवढी कांडी तिथं टेकवली, खोलीत 'हुश्श, हुश्श' असा आवाज घुमला. भूलतज्ज्ञांनी मान हलवली. धमनीखालून निळा धागा घालून तिला बाजूला घेतलं.

मग शिरा. एकेक सुटी करायची, दोन ठिकाणी बांधायची, मधून कापायची. आज अकरा निघाल्या, दोन तर केसाएवढ्या बारीक. नुसत्या डोळ्यांनी ऑपरेशन केलं तर या बारक्या शिराच निसटतात, आणि पुढं त्याच फुगून व्हेरिकोसील परत येतं. सूक्ष्मदर्शकाखाली परत येण्याचं प्रमाण शंभरात एक-दोनावर राहतं.

शिरांच्या मध्ये पाण्यासारख्या पारदर्शक नळ्या दिसतात, तीन-चार. या लसिकावाहिन्या. या जपायच्या. पोटातून वर जाऊन सगळंच एका गाठीत बांधण्याची जुनी पद्धत होती, तिच्यात या कापल्या जायच्या आणि काही महिन्यांनी माणूस हायड्रोसील घेऊन परत यायचा. छत्तीसगडमध्ये हत्तीरोगामुळे हायड्रोसीलची भीती आधीच घराघरांत आहे, त्यात आपण भर घालायची नाही. शुक्राणूंची नळी आणि तिच्या अंगच्या बारीक शिरा तशाच ठेवल्या. वृषणातलं रक्त आता त्याच वाटेनं परत जाणार आहे.

शेवटी पट्टीवर उरली ती धमनी, लसिकावाहिन्या आणि नळी. पन्नास मिनिटं. तो उद्या घरी जाईल. तीन आठवडे ट्रकच्या केबिनमध्ये चढायचं नाही, पोती उचलायची नाहीत.

संध्याकाळी ६:१५

दिवसभर कामावर असणाऱ्यांसाठी गुरुवारी संध्याकाळी मी पुन्हा उतईला येतो. आज ज्याची वाट बघत होतो तो वेळेवर आला. सिमेंटच्या दुकानात हिशेब लिहितो. वय एकतीस, बायको सत्तावीस, लग्नाला चार वर्षं. त्याचं ऑपरेशन दसऱ्यानंतर केलं होतं, आज सहा महिने झाले.

ऑपरेशनच्या आधी त्याचे शुक्राणू मिलिलिटरला ८० लाख होते, वीर्य २.२ मिलिलिटर, हालचाल २२ टक्के. हे आकडे सुटे वाचले तर नीट काही कळत नाही, म्हणून मी तिन्हींचा गुणाकार करायला शिकवतो. ८० लाख गुणिले २.२ म्हणजे १ कोटी ७६ लाख, आणि त्यातले हलणारे साधारण ३९ लाख. ही हलणाऱ्यांची एकूण संख्या ५० लाखांच्या खाली असेल तर आययूआयनं, म्हणजे धुतलेलं वीर्य गर्भाशयात सोडूनही, फारसं हाती लागत नाही. त्याला तेव्हा इक्सीचा खर्च सांगितला गेला होता. त्याच्या पगारात तो बसणारा नव्हता.

तीन महिन्यांनी केलेल्या तपासणीत संख्या १ कोटी ३० लाखांवर गेली होती. आज २ कोटी १० लाख, वीर्य २.४ मिलिलिटर, हालचाल ३८ टक्के. त्यानं माझ्या टेबलावरच्या कॅल्क्युलेटरवर स्वतःच गुणाकार केला. हिशेबनीस माणूस, दोनदा केला. १ कोटी ९१ लाख ५२ हजार. त्यानं तो आकडा मोबाईलवर फोटो काढून बायकोला पाठवला.

दिवस मात्र गेलेले नाहीत.

हे बोलताना त्याचा आवाज खाली आला. मी त्याला तसंच सांगितलं जसं आहे. शंभरातल्या साठ-सत्तर जणांचं वीर्य ऑपरेशननं सुधारतं, तू त्यात आहेस. दिवस जाणाऱ्यांत आहेस की नाही हे अजून ठरायचंय. आणखी सहा महिने नैसर्गिक वाट बघ. तुझी बायको सत्तावीसची आहे, तुमच्याकडे तेवढा वेळ आहे. दसऱ्यापर्यंत काही झालं नाही तर आययूआय. तो रस्ता सहा महिन्यांपूर्वी तुझ्यासाठी जवळजवळ बंद होता, आज उघडा आहे. इक्सीपर्यंत जायची वेळ कदाचित येणारही नाही. आणि वीर्यात एकही शुक्राणू नसता तर ऑपरेशनचा मी इतका आग्रह धरला नसता, हेही सांगितलं. तिथं फायद्याचा ठोस पुरावा अजून नाही. आधी हार्मोन आणि गुणसूत्रांची तपासणी करावी लागते.

संध्याकाळी ७:३०

पहाटेचा अंदाज खरा निघाला. धावणाऱ्यांपैकी एक, एकोणीस वर्षांचा. डावीकडे दुसरी पायरी, वृषणं दोन्ही सारखी, दुखणं नाही. वडील सोबत. त्यांना काळजी नोकरीची नव्हती. ''याला पुढं लइका होईल ना, साहेब?''

तपासून बघितल्यावर मी त्यांना सांगितलं, वृषणं सारखी वाढलेली आहेत, ही चांगली खूण. या वयात व्हेरिकोसीलच्या बाजूचं वृषण दुसऱ्यापेक्षा वीस टक्क्यांहून लहान राहिलं असतं, तर मी मुलं होण्याच्या दृष्टीनं ऑपरेशनचा विचार केला असता. आज ऑपरेशन करायचं तर ते भरतीसाठी आहे. भरतीची पुढची तपासणी सहा आठवड्यांनी, तेवढ्यात जखम भरून येईल. आम्ही तारीख ठरवली. मुलानं विचारलं, धावायला कधीपासून? चार आठवडे नाही. त्याचा चेहरा पडला, पण त्यानं मान डोलावली.

रात्री ९:००

परतताना सकाळची सासू आणि सून डोळ्यांसमोर येत राहिल्या. गंडा, दोन दुर्बिणी, पाच वर्षं. मुलाची तपासणी पहिल्याच वर्षी झाली असती तर सुनेची निम्मी फाईल वाचली असती.

तुमच्या घरात, नात्यात, शेजारी मूल होण्याची वाट बघणारं जोडपं असेल, तर बायकोच्या पहिल्या तपासणीबरोबरच नवऱ्याचा वीर्याचा नमुना तपासून घ्या. काहीशे रुपयांत होतो. आणि कुणी सोनोग्राफीचा कागद दाखवून व्हेरिकोसीलच्या ऑपरेशनची तारीख दिली, तर त्या डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा: हाताला लागतं का, रिपोर्ट दोनदा वाईट आला का, आणि बायकोकडे वर्षभर थांबायला वेळ आहे का. तिन्हींची उत्तरं 'हो' असतील तरच तारीख घ्या.